बटण मधे बसवलं तेव्हा

मोतीबिंदू वाढला तेव्हा माझ्या गणिताच्या सरांनी कागद सोडला आणि फरशी धरली. सोनारीच्या त्यांच्या घराच्या ओसरीत काळी शहाबादी फरशी होती. तिच्यावर त्यांनी कोळशाच्या पिशवीची सुतळी ताणून, खडूने जाड रेघा ओढून चौकटी आखल्या होत्या आणि अक्षरांऐवजी वस्तू ठेवल्या होत्या. चिंचोका, कवडी, सुपारी आणि शर्टाचं बटण. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं, असं ते म्हणत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते गणित वाटलंच नाही. कुणीतरी कुणावर काहीतरी करून ठेवलंय असं वाटलं.

पोलीस ॲक्शन होऊन काही महिने झाले होते. हैदराबादेत मी उर्दूतून गणित शिकून एम.ए. झालो होतो आणि भूमला घरी बसून नोकरीची वाट बघत होतो. वडील रोज सकाळी विचारत, "काही आलं का टपालात?" आणि रोज सकाळी माझं डोकं फिरे. अशात सरांचा निरोप आला. तेही हैदराबादेत शिकवत. रझाकारांची गडबड सुरू झाली तेव्हा नोकरी सोडून आपल्या गावी, थोरल्या बहिणीकडे येऊन राहिले होते. निरोप असा होता : एक छोटं टिपण तयार आहे, गणिताच्या एका नियतकालिकाला पाठवायचंय, तपासून लिहून द्यायला ये. बार्शीचा डॉक्टर पुढच्या आठवड्यात डोळे कापणार आहे. त्यानंतर दिसेल न दिसेल. त्याआधी एवढं एक.

घरात बसून वडिलांचं तोंड बघण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी लगेच निघालो. परंड्यापर्यंत मोटार, तिथून छकडा. सोनारीत शिरलं की आधी वानरं भेटतात, मग माणसं. काळभैरवाची वानरं म्हणून त्यांना कुणी हाकलत नाही आणि ती गोष्ट त्यांना पक्की ठाऊक आहे. छकड्यातून उतरेपर्यंत एकाने माझ्या पिशवीतली केळी नेली होती. छकडेवाला म्हणाला, "नेऊ द्या. देवाचंच हाय सगळं." केळी माझी होती, पण वाद कुणाशी घालणार?

सर ओसरीत मांडी घालून बसले होते. पावलांवरून ओळखलं त्यांनी मला.

"आलास? बस. चपला लांब काढ, चौकट हलेल."

त्यांनी मला ती चौकट समजावून दिली. डावीकडे उभ्या ओळीत चार वस्तू, वरती आडव्या ओळीत त्याच चार. डावीकडची एक घ्यायची, वरची एक घ्यायची, आणि दोघींच्या ओळी जिथं भेटतात त्या घरात जे ठेवलंय ते उत्तर. चिंचोका आणि चिंचोका यांच्या घरात कवडी होती. चिंचोका आणि कवडी यांच्या घरात सुपारी. सुपारी शांत बाई. ती चिंचोक्याला, कवडीला किंवा स्वतःला भेटली तर समोरच्याला आहे तसंच ठेवायची. कवडी आणि कवडी म्हणजे पुन्हा चिंचोका. इथवर सरळ होतं.

"आता बटण," सर म्हणाले. "सुपारी आधी आणि बटण नंतर, तर काय?"

मी बघितलं. "कवडी."

"बटण आधी, सुपारी नंतर?"

"चिंचोका."

"हेच. एकाच माणसाला डावीकडून भेटा, एक फळ. उजवीकडून भेटा, दुसरं. आणि तरीसुद्धा कंसाचा कायदा मोडत नाही." कंसाचा कायदा म्हणजे पुस्तकातला साहचर्याचा नियम. तीन वस्तू एका ओळीत असतील, तर पहिल्या दोघी आधी जोडा की शेवटच्या दोघी आधी जोडा, उत्तर एकच यायला हवं. सरांचं सगळं टिपण या एका वाक्यावर उभं होतं. कायदा टिकला तर टिपण टिकलं. नाहीतर राहिल्या नुसत्या फरशीवरच्या बिया.

तेवढ्यात आतून सरांच्या बहिणीने, अक्कांनी, हाक मारली, "जेवायला या. पानं वाढलीत."

पानं चार होती. आम्ही तिघं होतो. मला वाटलं कुणी यायचं असेल. मी भाकरी मोडली, अंबाडीची भाजी घेतली, आणि वाट बघत राहिलो. कुणी आलं नाही. कुणी त्या पानाकडे बघितलंही नाही. सर आणि अक्का एकमेकांशी भाजीत मीठ कमी की जास्त यावर बोलत होते. मागच्या दारात वानरं बसली होती. एकाने येऊन माझ्या पानातली अर्धी भाकरी ओढून नेली, दुसऱ्याने अक्कांपुढचा गूळ. चौथ्या पानाला एकही शिवलं नाही. त्याच्या अगदी शेजारून जात होती, शेपूट त्याच्यावरून फिरत होतं, आणि वरची भाकरी जशीच्या तशी होती. संध्याकाळी अक्कांनी ते पान उचलून गाईपुढे ठेवलं. गाईने मुकाट्याने खाल्लं.

मी भित्रा नाही, पण हट्टी आहे. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वानरांवर लक्ष ठेवलं. तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. भर दुपारी, लख्ख उन्हात माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याचा मला रागही आला. एवढं गणित शिकून शेवटी एका पत्रावळीला घाबरायचं!

विचारायचं मात्र होईना. त्या घरात बोलणं भरपूर असे, पण ते फिरून फिरून त्याच त्याच गोष्टींवर येई. सरांचे डोळे, अक्कांचे गुडघे, हैदराबाद, बार्शीचा डॉक्टर. कुठूनही सुरुवात करा, गाडी याच चार गावांतून फिरायची. पाचव्या गावाची वाट त्यांनी कधी धरलीच नाही.

तपासणी मात्र जोरात चालली होती. चार वस्तूंच्या तिकड्या होतात चौसष्ट. मी सगळ्या ओळीने तपासायला निघालो तर सर हसले.

"आंधळा मी आहे, तू नाहीस. आंधळ्यासारखा चाचपडत काय बसतोस? चिंचोका मधे बसव. डावीकडे कुणालाही बसव, उजवीकडे कुणालाही. तेवढ्याच तिकड्या बघ."

"बाकीच्या?"

"बाकी सगळी चिंचोक्याचीच पिल्लं."

यामागचं कारण त्यांनी मला विद्यार्थी असताना सांगितलं होतं, पण तेव्हा मी परीक्षेपुरतं ऐकलं होतं. आता त्यांनी ते फरशीवर मांडून दाखवलं. समजा, चिंचोका मधे असताना कंस नेहमी बिनतक्रार सरकतो, शेजारी कुणीही असो. मग कवडी मधे आली तर? कवडी म्हणजे दोन चिंचोके. तिच्या जागी ते दोघे एकमेकांना चिकटून बसवा. मग कंस एका वेळी एकाच चिंचोक्यावरून सरकवत न्या. प्रत्येक पायरीला मधे चिंचोकाच असतो आणि त्याची परवानगी आधीच मिळालेली. असं करत करत कंस या टोकापासून त्या टोकाला पोचतो आणि कवडीची वेगळी तपासणी लागत नाही. चिंचोका आणि कवडी दोघांचीही खात्री झाली की त्यांच्यापासून झालेल्या सुपारीचीही झाली. जे ज्याच्यापासून जन्मलं, त्याची चौकशी आईबापाच्या घरीच झालेली असते.

मला ते इतकं आवडलं की मी चौथं पान विसरलो. फरशीच्या कडेला तीन जागा आखल्या, मधे चिंचोका ठेवला आणि डावीकडे-उजवीकडे वस्तू बदलत गेलो; बटणाच्या पाळीला नुसतं बोट टेकवलं. बटण, चिंचोका, बटण ही तिकडी मला अवघड वाटत होती. आधी बटण आणि चिंचोका जोडले : कवडी. कवडी आणि बटण : चिंचोका. आता दुसऱ्या बाजूने. चिंचोका आणि बटण : सुपारी. बटण आणि सुपारी : चिंचोका. दोन्हीकडून चिंचोका! एकही तिकडी चुकली नाही. मी ओरडलोच, "सर, झालं!"

सरांनी दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. "आता लिही. स्वच्छ लिही. अक्षर बरं आहे ना रे तुझं अजून?" त्यांचा चेहरा इतका उजळला होता की माझं पोट भरलं.

त्या दुपारी लिहायला बसण्याआधी मी कडेला सांडलेल्या वस्तू गोळा करायला घेतल्या. डबा चिंचोक्यांनी भरलेला, कवड्या मूठभर, सुपाऱ्याही तेवढ्याच. चौकटीच्या आतल्या घरांत याच तीन वस्तू फिरत होत्या. बटणं मात्र दोनच. एक डाव्या ओळीच्या शेवटी, एक वरच्या ओळीच्या शेवटी. तिसरं बटण सरांकडे नव्हतंच, आणि त्याचं काही अडलंही नव्हतं.

माझा हात तिथंच थांबला. दोनच बटणांवर भागलं, याचा अर्थ आत एकाही घरात बटण नाही. कुणाला कुणाशीही जोडा, बटण कधी निघतच नाही. चिंचोक्यापासून कवडी होते, सुपारी होते, पुन्हा चिंचोका होतो. बटण कुणापासून होत नाही. मग ते चिंचोक्याचं पिल्लू कसलं? चिंचोका मधे ठेवून केलेल्या तपासणीत ते डावीकडे बसलं, उजवीकडे बसलं. मधे कधीच बसलं नाही. त्याची चौकशी करायला कुणाचंही घर नव्हतं. ती वेगळीच करायला हवी होती.

"सर," मी म्हणालो, "बटण मधे ठेवून बघायचं राहिलं."

सर सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. "बटण कुठल्याच गुणाकारात येत नाही, सर. म्हणजे ते स्वतंत्र—"

"ते झालंय."

"कधी?"

"झालंय म्हटलं ना. ते उचलायचं नाही." आणि त्यांनी डावीकडच्या बटणावर तळहात ठेवला, जसं झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. मागच्या भिंतीवर वानरं ओळीने बसली होती आणि एकही हलत नव्हतं. मी तिथून उठलो.

अक्का मागच्या अंगणात शेंगा फोडत होत्या. मी जाऊन बसलो आणि मूठभर शेंगा घेतल्या. नुसतं विचारलं, "अक्का, बटणं कुणाची?"

त्यांनी फोडायचं थांबवलं नाही. "तुला दिसली व्हय? मला वाटलं, तू बी त्याच्यावानी आंधळा झालास."

मग त्यांनी सांगितलं. सरांना एक मुलगा होता, माझ्याहून थोडा लहान. आई लहानपणीच गेलेली, अक्कांनीच वाढवला. गडबडीच्या काळात तो हद्दीपलीकडे बार्शीकडे, रझाकारांशी लढणाऱ्यांच्या कँपात गेला. पुढे एक दिवस एक अनोळखी माणूस दारात आला. फडक्यात गुंडाळलेला शर्ट ठेवून गेला. पाणीसुद्धा प्यायला थांबला नाही.

"शर्ट आला, त्यो न्हाय आला. शर्टाला दोनच बटनं राहिली व्हती. ह्यानं ती कापून घेतली. म्हनतो, शर्ट आला म्हंजी मानूस गेला असं कुठं असतंय? म्हनून दिवस न्हाई केले, पिंड न्हाई ठिवला. पान वाढ म्हनतो रोज. मी वाढते." त्यांनी शेंगांचं टरफल भिंतीकडे भिरकावलं. "वानरं शिवत न्हाईत, बघितलंस न्हवं? कशी शिवतील? ज्येवनारा हाय का गेला, त्येच ह्या घरात ठरलं न्हाय."

मला खूप वाईट वाटलं. आणि भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू. माझ्या मनात आलं, लिहून टाकावं टिपण आणि सुटावं. पण तिकडे कुणीतरी परका मनुष्य ते वाचणार, एका दमात चूक काढणार आणि परत पाठवणार. आणि तोवर सरांच्या डोळ्यांवर पट्टी असणार. ते परत आलेलं टिपण त्यांना वाचून दाखवायला कोण असणार? अक्कांना वाचता येत नव्हतं. तेव्हा जे कळायचं ते या ओसरीत, माझ्यासमोर कळलेलं बरं.

मी ओसरीत गेलो. सर तसेच बसले होते.

"सर, वरचं बटण घेऊ?"

मग त्यांनी आपला हात उचलला आणि वरचं नव्हे, तळव्याखालचं बटणच मला दिलं. ते गरम होतं.

मी कडेच्या तीन जागांमध्ये मधे बटण ठेवलं. दोन्ही बाजूंना मुद्दाम सुपारी ठेवली, कारण ती सगळ्यांत शांत. तिच्याशी गाठ पडली तर चूक लपायला जागा उरत नाही. "सुपारी, बटण, सुपारी," मी म्हणालो.

"आधी डावीकडून," सर म्हणाले. आवाज वर्गातला होता.

"सुपारी आणि बटण : कवडी. कवडी आणि सुपारी : कवडीच."

"आता उजवीकडून."

"बटण आणि सुपारी : चिंचोका. सुपारी आणि चिंचोका..."

सरांनी हात पुढे केला, चौकट चाचपली, डावीकडच्या सुपारीवरून वरच्या चिंचोक्याखाली सरकत त्या घरापर्यंत आले, आणि आतली वस्तू बोटांत धरली.

"चिंचोका," ते म्हणाले.

एकीकडे कवडी, दुसरीकडे चिंचोका. तेच तिघं, त्याच क्रमाने बसलेले. मधल्याला आधी कोण भेटलं एवढाच फरक. पहिल्याच तिकडीत कायदा मोडला. पुढच्या बघायची गरजच उरली नाही. सरांनी तरीही पुन्हा एकदा स्वतःच्या बोटांनी केलं. पुन्हा तेच आलं.

"हे व्हायचंच होतं," ते हळूच म्हणाले. "सुपारीनं दोन्हीकडून धरलं की त्याला दोन तोंडं ठेवताच येत नाहीत. डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरं असं चालत नाही. दोन्हीकडून एकच सांगावं लागतं. मला माहीत होतं रे. पोराला मधे घ्यायचं धाडस नव्हतं."

पहिल्यांदाच सरांच्या तोंडून ‘पोर’ हा शब्द आला होता. आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. अक्का दारात येऊन उभ्या होत्या.

"अक्का," सर म्हणाले, "आजचं त्याचं पान मला दे."

त्यांनी ते स्वतः दोन्ही हातांत घेतलं. मी धरायला गेलो तर मान हलवली. भिंतीला खांदा लावत ते मागच्या अंगणात गेले, चाचपत चाचपत पान भिंतीच्या सपाट दगडावर ठेवलं आणि चार पावलं मागे येऊन उभे राहिले. आम्ही दोघं त्यांच्या मागे. मसणवट्यात पिंड ठेवून माणसं जशी कावळ्याची वाट बघत उभी राहतात तसे आम्ही उभे होतो. फक्त इथं भिंतीवर वानरं होती, आणि भर दुपार होती, आणि कुठं झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

वानरं बघत राहिली. एकही पुढे आलं नाही.

"शिवलं?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"सांग त्याला," अक्का म्हणाल्या. "तू सांगितल्याबिगर कसं शिवंल?"

सरांचे ओठ हलले. नुसतंच "बाबा" असं ऐकू आलं. मग घसा खाकरून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा तशा आवाजात ते म्हणाले, "गेलास तू. मला कळलंय. आता अडकून राहू नकोस. अक्काला मी बघतो."

भिंतीच्या टोकाला बसलेलं एक म्हातारं वानर उठलं. सावकाश, पाय न वाजवता भिंतीवरून चालत आलं. पानापाशी बसलं. आम्हा तिघांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, माणसासारखं, आणि मग भाकरीचा एक तुकडा मोडून तोंडात घातला. मग बाकीची आली. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

पत्रावळी फाटल्याचा आवाज सरांनी ऐकला. तरी त्यांनी विचारलं, "शिवलं?"

"शिवलं," अक्का म्हणाल्या.

सर ओसरीत परत आले. खाली बसले, फरशीवर हात फिरवत दुसरं बटण शोधलं, दोन्ही एका मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने खडूची सगळी चौकट पुसून टाकली. चिंचोके गडगडत माझ्या पायाशी आले.

"अक्का," ते म्हणाले, "आता खरी भूक लागली. पानं वाढ."

आत पत्रावळींची चळत सरकली. मग अक्कांनी विचारलं, "किती वाढू?"

"तीन," सर म्हणाले.